निऱ्या चिकटवता येत नाहीत

म्हातारं माणूस गेलं की तेराव्याच्या आत फ्रेम हवी असते आणि वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स. घरात शोधाशोध केली की सापडतो तो नातवाच्या लग्नातला फोटो, गोल साडीतला. मग मुलगा माढ्यातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत जातो आणि म्हणतो, "आमची आई जन्मभर इरकली लुगड्यात वावरली. ही साडी त्या एका दिवसापुरती नेसवली होती. तेवढं लुगडं करून द्या."

मागणी अगदी रास्त आहे. पुढं जे घडतं ते रास्त नाही. ऑपरेटर संगणकातून एक तयार धड काढतो, त्यावर आईचा चेहरा बसवतो, रंग जुळवतो आणि संध्याकाळी फ्लेक्स छापायला पाठवतो. दुसऱ्या दिवशी चौकात आई उभी असते, पण मान तिची आणि अंग परक्या बाईचं. येणारा जाणारा दोन क्षण थांबतो, काहीतरी खटकतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. मी सांगतो. खटकतात त्या निऱ्या.

साडीचा रंग बदलणं सोपं आहे. काठ बदलणंही जमतं. नेसण मात्र रंगाच्या जातीची गोष्ट नव्हे. साडी हे एकच सलग, न शिवलेलं कापड असतं. सहावारी धरली तर साडेपाच मीटर लांब आणि साधारण सव्वा मीटरला थोडा कमी पन्हा. समोरून काढलेल्या फोटोत त्यातला ढोबळ मानानं सहावा हिस्सा दिसतो. उरलेलं सगळं कापड पाठीमागं, आतल्या वेढ्यात आणि निऱ्यांच्या घड्यांत दडलेलं असतं. नेसण बदलायची म्हणजे ते दडलेलं कापड बाहेर काढून वेगळ्या वाटेनं फिरवायचं. फोटोत ते कापड नाहीच. ज्याचा फोटोच निघालेला नाही ते ऑपरेटर आणणार कुठून?

हिशेब मांडून बघू. गोल साडीचा पहिला वेढा कमरेभोवती एक मीटर खातो. निऱ्यांमध्ये दीड मीटर जातं. दुसरा वेढा परत एक मीटर. छातीवरून खांद्यापर्यंत पाऊण मीटर आणि पाठीवर सोडलेला पदर मीटरभर. थोडं खोचण्यात जातं. साडेपाच मीटर संपले. लुगडं सव्वाआठ मीटरचं. वरचे पावणेतीन मीटर दोन्ही पायांना वेगवेगळं वेढण्यात आणि मागं काष्टा खोचण्यात जातात. परकर नसतोच. म्हणून गोल साडीतली बाई कमरेपासून खाली एका घेरात दिसते, तर लुगड्यातल्या बाईचे दोन पाय वेगळे कळतात. घोटे दिसतात, जोडवी दिसतात, दोन पायांमधली जमीन दिसते. गोल साडीच्या फोटोत यातलं काही नसतं, फार तर बोटांची टोकं. म्हणजे कापडाबरोबर पाय आणि फरशीसुद्धा नव्यानं उभी करावी लागते. "तेवढं लुगडं करून द्या" यातलं "तेवढं" एवढं मोठं आहे.

आता निऱ्यांकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठी फसगत तिथंच होते. ऑपरेटर काय करतो? एक निरी नीट कापून घेतो आणि तीच सहा वेळा शेजारी शेजारी मांडतो. लांबून बरं दिसतं. जवळ गेलं की दिसतं, प्रत्येक निरीवर बुट्टी त्याच उंचीला, त्याच जागी, तेवढीच कापलेली. खरं कापड असं कधीच पडत नाही. समजा लुगड्यावर कशिद्याची बुट्टी दर 10 सेंटिमीटरला आहे. निरी घालताना बाई अंगठा आणि करंगळीत जेवढं कापड धरते, ते जाऊन येऊन साधारण 24 सेंटिमीटर होतं. पहिली निरी शून्यापासून सुरू झाली तर दुसरी 24 वर, तिसरी 48 वर, चौथी 72 वर, पाचवी 96 वर. बुट्टीच्या ओळीत हे अंतर दर वेळी 4 सेंटिमीटरनं पुढं सरकतं. म्हणून पहिल्या निरीवर बुट्टी घडीच्या कडेला असेल तर दुसरीवर ती थोडी आत जाते, तिसरीवर आणखी, चौथीवर भलतीकडेच निघते. सहाव्या निरीला, 120 वर, पुन्हा पहिलीसारखी जागा येते. हा क्रम कुणी शिकवलेला नसतो, पण जन्मभर साड्या बघितलेल्या डोळ्याला तो ओळखीचा असतो. एकच बुट्टी सहा वेळा एकाच जागी दिसली की डोळा अडखळतो.

दुसरी चूक याहून वाईट. निऱ्या कमरेपाशी अरुंद आणि पायाशी रुंद दिसतात, म्हणून ऑपरेटर वरचा भाग आवळतो आणि खालचा पसरतो. फोटोशॉपमधलं Warp हे हत्यार नेमकं हेच करतं. खरं कापड मात्र वाकतं, दुमडतं, पण ताणलं जात नाही. पडद्यावर ते रबरासारखं ताणलं जातं. मग कमरेजवळच्या बुट्ट्या सुकून काडीसारख्या होतात आणि पायाजवळच्या फुगतात. खऱ्या निरीत कमरेपाशी कापड जराही अरुंद झालेलं नसतं. तिथं सगळ्या निऱ्या एकीवर एक रचून खोचलेल्या असतात, त्यामुळं प्रत्येकीची फक्त दीड एक सेंटिमीटरची कड बाहेर राहते आणि बाकीची वरच्या निरीखाली झाकली जाते. पायाकडे जाताना निऱ्या पंख्यासारख्या मोकळ्या होतात आणि झाकलेलं हळूहळू उघडं पडतं. याचा अर्थ निरी वरती झाकायची असते, आवळायची नसते. हा एवढा फरक समजला तरी निम्मं काम सुधारतं.

तिसरी युक्ती Displace या फिल्टरची. करड्या छटांचा नकाशा द्यायचा, त्यातल्या उजेड-अंधारानुसार कापडावरची नक्षी इकडेतिकडे सरकते. मधला करडा तिथंच राहतो, त्याहून उजळ एका बाजूला सरकतो आणि गडद दुसऱ्या बाजूला. वाऱ्यानं हलणाऱ्या झेंड्याच्या लाटांसाठी हे उत्तम आहे. निऱ्यांसाठी निरुपयोगी, कारण लाटेत कापड पुढंमागं होतं पण गडप होत नाही. निरीमध्ये दर घडीला कापडाचा मोठा तुकडा नजरेआड जातो. नक्षी सरकवून तुकडा गायब करता येत नाही.

मग निऱ्या हातानं उभ्या करायच्याच असतील तर कशा करायच्या? पद्धत सांगतो, कारण नुसती नावं ठेवणं सोपं असतं. आधी त्याच जातीचं लुगडं जमिनीवर सपाट अंथरून वरून सरळ फोटो काढा. समजा तुमच्या चित्रात 1 सेंटिमीटरला 10 पिक्सेल येतात आणि कमरेपासून पायापर्यंत 95 सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे निरीची लांबी 950 पिक्सेल. सपाट फोटोही त्याच मापाला आणा. आता त्यातून पट्ट्या घ्यायच्या. पहिली पट्टी शून्यापासून, दुसरी 240 पिक्सेलपासून, तिसरी 480 पासून, असं पुढं. प्रत्येक पट्टीतला पायाशी 80 पिक्सेल आणि कमरेशी 15 पिक्सेल एवढा निमुळता भाग उघडा ठेवायचा, बाकीचा मास्कनं झाकायचा. पट्टी दाबायची नाही, ताणायची नाही. प्रत्येक पट्टी स्वतंत्र लेयरवर, एकीच्या अंगावर दुसरी. खालच्या काठाची एक सरळ रेघ करायची नाही, कारण प्रत्येक निरीचा काठ थोडा पुढं, थोडा मागं, किंचित वर-खाली असतो आणि त्यातूनच पायऱ्या पडल्यासारखी कड तयार होते.

त्यानंतर सावली, आणि इथं चांगले हातसुद्धा चुकतात. Burn घेऊन घडीत काळं फासलं की कापड मळकं दिसतं. दोन निऱ्यांच्या फटीत उजेड थेट पोचत नाही हे खरं, पण समोरच्या निरीवरून परतलेला उजेड पोचतो आणि तो कापडाचाच रंग घेऊन येतो. म्हणून डाळिंबी लुगड्याच्या घडीत सावली काळी पडत नाही, अधिक गर्द डाळिंबी होते. सावलीचा लेयर Multiply वर ठेवून त्यात काळ्याऐवजी त्याच कापडाचा गडद रंग वापरावा. उजेडाची बाजूही एकच ठेवायला हवी. चेहऱ्यावर उजेड डावीकडच्या खिडकीतून येत असेल तर प्रत्येक निरीची तीच बाजू उजळली पाहिजे. इरकलीत आणखी एक पेच असतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर घडीच्या वळणावर रंगच पालटतो. तिथं नुसतं उजळ-गडद करून भागत नाही.

एवढं सगळं केलं तरी ते गोल साडीच्या निऱ्यांपुरतं झालं. लुगड्यात पुढच्या निऱ्या पोटाशी खोचल्यावर मधला भाग पायांतून मागं नेऊन कमरेशी खोचतात. त्यामुळं काठ जमिनीला समांतर राहत नाही. तो घोट्यापाशी वळतो, पोटरीच्या आतल्या बाजूनं तिरका वर चढतो आणि मागं दिसेनासा होतो. तयार धडांमध्ये हा काठ हमखास मध्येच संपलेला असतो. पायाशी येतो आणि नाहीसा होतो. मागं काष्टा आहे हे पुढून दिसत नसलं तरी काठाची चढण ते सांगत असते. चढण नसेल तर ते लुगडं नव्हे, लुगड्याच्या रंगाची गोल साडी.

आणि एक सर्रास होणारी गफलत. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून आहे आणि तयार धडावर डावीकडून, म्हणून ऑपरेटर धड आरशासारखं उलटं करतो. उजेड जुळतो आणि पदर उजव्या खांद्यावर जातो. निऱ्यांची घडीही उलट्या दिशेला तोंड करते. आपल्याकडे डाव्या खांद्यावर पदर घेतलेली बाई पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी बघितलेली आहे. घरातल्या बायकांच्या हे पहिल्या नजरेत लक्षात येतं, पण फोटो पसंत करायला स्टुडिओत बहुतेक वेळा पुरुषच गेलेले असतात.

मोबाइलमधल्या नव्या सोयींनी हे संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी 2025 च्या सप्टेंबरातली लाट आठवावी. स्वतःचा फोटो द्यायचा आणि जुन्या सिनेमातल्यासारखी साडी नेसलेली छबी मिळवायची, असं देशभर चाललं होतं. त्या छब्या झोकदार होत्या, यात वाद नाही. पण ती यंत्रं अख्खं चित्र नव्यानं रंगवतात. अंधूक उजेड, वाऱ्यावर उडालेला पदर, फुलं असं सगळं असेल तर निऱ्यांकडे कुणी बघत नाही. माढ्याच्या चौकात सरळ उन्हात, सरळ उभी, ओळखीची आजी असते. तिथं पदर कुठून सुटला हे दिसतं. शिवाय चेहराही पुन्हा रंगवला जातो, आणि गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यात रेसभर फरक पडला तरी घरच्यांना तो सहन होत नाही.

निऱ्या मनानं काढणं थोरामोठ्यांनाही जमलेलं नाही. लिओनार्दो दा विंचीबद्दल त्याचा चरित्रकार वासारी यानं लिहून ठेवलंय की तो मातीच्या मूर्ती करायचा, त्यांवर ओल्या लेपात बुडवलेली फडकी घालायचा आणि त्या घड्या समोर ठेवून तलम कापडावर चित्र काढायचा. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी 1920 साली निघालेल्या ऑटो रॉथफेल्डच्या पुस्तकासाठी देशातल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या बायकांची चित्रं काढली. प्रत्येक प्रांताची नेसण वेगळी, आणि ती वेगळी दिसते कारण कापड कुठून कुठं गेलं हे त्यांनी बघितलेलं होतं. एवढे हात बघून काढत असतील तर आपल्या ऑपरेटरनं न बघता काढावं ही अपेक्षाच चुकीची आहे. दोष त्याच्या हाताला देण्यात अर्थ नाही. त्याला आपण समोर ठेवायला काय दिलं, हा प्रश्न आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लुगडं संगणकात नेसवू नका, माणसाला नेसवा. आईची ट्रंक उघडा. तिचं एखादं इरकली लुगडं, लाल टोप पदराचं, त्यात असेलच. घरात किंवा भावकीत तिच्या अंगलटीची, नेसता येणारी एखादी मावशी, आत्या किंवा चुलती असते. तिला तेच लुगडं नेसू द्या. जुन्या फोटोत उजेड ज्या बाजूनं आहे त्या बाजूला खिडकी येईल असं तिला उभं करा. मोबाइल जुन्या फोटोत कॅमेरा होता तेवढ्याच उंचीवर धरा, बहुधा छातीच्या आसपास. तीन-चार मीटर मागं सरका आणि झूम करून चौकट भरा, कारण जवळून काढलं की पाय बारके आणि डोकं मोठं येतं. खांदे जुन्या फोटोत वळलेत तेवढेच वळवा. पुरेसे फोटो काढा आणि ते स्टुडिओत द्या.

आता ऑपरेटरचं काम केवढं उरलं? फक्त मान. चोळीच्या गळ्याच्या वर जोड द्यायचा, त्वचेचा रंग मिळवायचा, डोक्यावरचा पदर केसांवर नीट बसवायचा. त्यातही कौशल्य लागतं, पण ते त्याच्या हातातलं आहे. बुट्टी कुठं अर्धी कापायची, काठ कुठं वळायचा, घडीत रंग किती गर्द व्हायचा, हा सगळा हिशेब कापडानं स्वतःच करून ठेवलेला असतो. ज्या कामात संगणकावर दिवस मोडला असता ते मावशीच्या हातून लुगडं नेसेपर्यंत होऊन जातं, आणि तिला त्याबद्दल कुणी कलाकार म्हणत नाही ही आणखी वेगळी गोष्ट.

ज्या घरात लुगडं उरलं नाही आणि नेसणारंही कुणी नाही, त्यांनी फ्रेमपुरता छातीपर्यंतचा फोटो घ्यावा. तिथं निऱ्या येतच नाहीत, काष्टा येत नाही, पाय येत नाहीत. डोक्यावरून पदर आणि खणाची चोळी एवढं बदलायचं असतं, आणि ते चांगल्या ऑपरेटरला जमतं. तेही नको असेल तर आईला तिच्या गोल साडीतच राहू द्यावं. नातवाच्या लग्नात ती तशी उभी होती, हेही खरंच आहे.

आणि कुठलाही बदललेला फोटो छापायच्या आधी एक तपासणी घरातल्या बाईकडून करून घ्यावी. पडद्यावर पायाशी काठावर बोट ठेवायचं आणि त्या काठाबरोबर चालत जायचं. गोल साडी असेल तर हाच खालचा काठ दुसऱ्या वेढ्याबरोबर तिरका वर चढून छातीवरच्या पदराची खालची कड झाला पाहिजे. लुगडं असेल तर पायांमधला काठ पोटरीवरून मागं चढला पाहिजे. वाटेत तो निऱ्यांखाली गेला तर पलीकडे पुन्हा निघाला पाहिजे, त्याच रुंदीचा, त्याच रंगाचा. बोट कुठंच अडलं नाही तर पैसे द्या आणि फोटो घरी न्या. अडलं तर त्या जागेवर बोट तसंच ठेवा, ऑपरेटरला दाखवा आणि दुरुस्त होईपर्यंत छपाई थांबवा. दहा फुटांच्या फ्लेक्सवर ती चूक वीतभर होणार आहे, आणि गेलेल्या बाईला ती दुरुस्त करून मागता येणार नाही.